बदललेला बोर्ड आणि बिघडलेला कंप्रेसर: सत्तरीतल्या एका फ्रिजचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या, वाळपईपासून जवळच्या एका घरातलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, दुकान आणि कंपनी यांची नावं दिलेली नाहीत. घरात पती-पत्नी, दोन मुलं आणि मधुमेह असलेले सासरे. पत्नी मराठी शाळेत शिकवतात, त्यांना इथे बाई म्हणू. ग्राहक तक्रारींचे अर्ज लिहून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे हे प्रकरण अर्ध्या वाटेवर असताना कागदांसह माझ्याकडे आलं.

ऑगस्ट २०२२ मध्ये, चवथीच्या आधीच्या ऑफरमध्ये त्यांनी दोन दारांचा, बर्फ न साचणारा, इन्व्हर्टर कंप्रेसरचा फ्रिज घेतला. किंमत २८,५०० रुपये. दुकानदार म्हणाला, "बाई, दहा वर्षं बघायला नको, गॅरंटी आहे." बिलावर त्याने शिक्काही मारून दिला: "१० वर्षांची गॅरंटी". त्याच बिलाच्या तळाशी छापलेलं होतं की विक्रीनंतरच्या सेवेसाठी ग्राहकाने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क करावा, दुकान जबाबदार नाही. त्या दिवशी हे कुणी वाचलं नाही. वाढीव वॉरंटी घेणार का, असंही विचारलं गेलं, आणि दहा वर्षांची गॅरंटी असताना आणखी पैसे कशाला, म्हणून बाईंनी ती नाकारली. त्यांना जे सांगितलं गेलं होतं त्यावरून पाहिलं तर हा निर्णय अगदी समजण्यासारखा होता.

अडचण कशी उभी राहिली

जून २०२५ मध्ये, म्हणजे दोन वर्षं दहा महिन्यांनी, फ्रिज थंड होईना. आतला दिवा लागत होता, पण कंप्रेसर सुरू होत नव्हता. सासऱ्यांचं इन्सुलिन शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवावं लागलं आणि घरात घाई सुरू झाली. पुढचे काही निर्णय या घाईत झाले.

कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवल्यावर दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. त्याने मागचं झाकण उघडलं, कंप्रेसर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकताना पाहिला आणि बोर्ड गेल्याचं सांगितलं. बोर्डाला वॉरंटी एकच वर्ष, म्हणून पैसे भरावे लागतील. बोर्डाचे करासह ४,७२० रुपये आणि भेटीचे ५९० रुपये. गाडीत बोर्ड होता, त्याने तो लगेच बसवला. कंप्रेसर घरघरला. जुना बोर्ड पिशवीत टाकून, बाईंच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेऊन तो गेला. रात्री जेवणं होईपर्यंत कंप्रेसर पुन्हा बंद पडला होता.

बाईंनी फोन केला तेव्हा कळलं की ओटीपी दिल्यामुळे पहिली तक्रार "निवारण झालं" म्हणून बंद झाली आहे. आता ही नवी तक्रार आणि भेटीचे पैसे पुन्हा. चार दिवसांनी दुसरा, वयाने मोठा तंत्रज्ञ आला. त्याने कंप्रेसरच्या तीन पिनांवरची जोडणी काढून मल्टिमीटर लावला. इन्व्हर्टर कंप्रेसरच्या मोटरला तीन वाइंडिंग असतात, आणि कुठल्याही दोन पिनांमधला रोध जवळजवळ सारखा यायला हवा. इथे एका जोडीत ११ ओहम आला आणि उरलेल्या दोन जोड्यांत ७ ओहमच्या आसपास. एका वाइंडिंगचे काही वेढे आतल्या आत जुळले आहेत, असा याचा अर्थ. अशी मोटर सुरू होते, जास्त करंट ओढते आणि बोर्ड तिला थांबवतो. पहिल्या तंत्रज्ञाने पाहिलेलं दिव्याचं लुकलुकणं बहुधा याच थांबवण्याची खूण असावी. बोर्ड आपलं काम करत होता, आणि तोच बदलला गेला.

दुसऱ्या तंत्रज्ञाने सांगितलं की कंप्रेसर बदलावा लागेल, तो मोफत मिळेल, पण गॅस, फिल्टर आणि मजुरीचे मिळून ३,१८६ रुपये होतील. दुसऱ्या भेटीचे ५९० वेगळे. एकूण हिशेब ९,०८६ रुपयांवर गेला. त्यातच जॉब कार्डावर बिघाडाच्या कारणासमोर त्याने "व्होल्टेज" असं लिहिलं.

कागदावर नेमकं काय होतं

बाईंचा पहिला प्रश्न होता, दहा वर्षांची गॅरंटी असताना मी एक रुपया तरी का द्यायचा? उत्तर वॉरंटी कार्डात होतं. पूर्ण फ्रिजला एक वर्ष. त्यानंतर दहाव्या वर्षापर्यंत फक्त कंप्रेसर हा भाग, आणि पुढे लहान अक्षरांत: गॅस, मजुरी, भेट आणि इलेक्ट्रॉनिक भाग यात नाहीत. म्हणजे "दहा वर्षं" हा आकडा खरा होता, पण एका सुट्या भागापुरता.

गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार, अशी आपल्याकडे समजूत आहे. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकताना हा फरक खरंच पाळतात: सुरुवातीचे काही महिने बॅटरी मोफत बदलून मिळते, ती गॅरंटी; त्यानंतर नव्या बॅटरीवर वापरलेल्या काळाच्या हिशेबाने सूट मिळते, ती वॉरंटी. पण फ्रिज किंवा फोनच्या बाबतीत कायदा या दोन शब्दांत अशी रेघ ओढत नाही. लेखी काय कबूल केलं आहे, कोणी केलं आहे आणि कशाबद्दल केलं आहे, हे पाहिलं जातं. १९३०च्या वस्तुविक्री कायद्यातही वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, वस्तू परत करण्याचा हक्क मिळत नाही. तो हक्क कराराची मूळ अट मोडली तर येतो. जवळजवळ तीन वर्षं नीट चाललेला फ्रिज बदलून मागण्याला त्यामुळे फारसा आधार नव्हता.

तिसरी गोष्ट विक्रीनंतरची सेवा, आणि या प्रकरणाचा कणा तीच आहे. वॉरंटी संपलेल्या भागाचं काम कंपनी पैसे घेऊन करते. पैसे घेतले की ती २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालची सेवा झाली. मग ती नीट करण्याची जबाबदारी येते, भाग वॉरंटीत असो वा नसो. बोर्ड वॉरंटीबाहेर होता हे कंपनीचं म्हणणं बरोबर होतं. पण बोर्ड बिघडल्याचं निदान मोजमाप न करता झालं होतं, आणि त्या निदानाचे पैसे बाईंनी मोजले होते. वॉरंटीच्या वाटेने गेलो असतो तर हे पैसे परत मागण्याची सोयच नव्हती. सदोष सेवेच्या वाटेने होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे सगळे पैसे भरून मोकळं होणं. घरातल्या बहुतेकांचं मत तेच होतं, आणि इन्सुलिनचा विचार करता ते चुकीचंही नव्हतं.

दुसरा पर्याय गावातल्या मेकॅनिकचा. तो गॅससकट कमी पैशांत करून देतो म्हणाला. मी याला स्पष्ट विरोध केला. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजांत आर-६००ए हा गॅस असतो. तो ज्वालाग्राही आहे आणि भरायचा असतो अगदी थोडे ग्रॅम, काट्यावर तोलून. साध्या आगीच्या टॉर्चने नळी तापवून, अंदाजाने गॅस भरण्याची सवय इथे धोक्याची आहे. आणि कंपनीबाहेरच्या माणसाने नळी एकदा कापली की कंप्रेसरची उरलेली सात वर्षांची वॉरंटी गेली असंच समजायचं.

तिसरा पर्याय दुकानदाराला धरण्याचा. शिक्क्यावर कंप्रेसर हा शब्द नाही, नुसतं "१० वर्षांची गॅरंटी" आहे. विक्रेत्याने स्वतःच्या बिलावर दिलेलं हे वचन आहे आणि ते दिशाभूल करणारं आहे, असं ग्राहक आयोगासमोर मांडता आलं असतं. माझ्या मते या म्हणण्यात जोर होता. पण निकाल लागेपर्यंत घरात फ्रिज नसता, आणि "जबाबदार नाही" या छापील ओळीवर वाद रंगला असता. म्हणून हा मुद्दा आम्ही सोडला नाही, फक्त मागे ठेवला.

चौथा पर्याय मधला होता: कार्डाप्रमाणे जे देणं लागतं ते देऊन फ्रिज सुरू करून घ्यायचा, आणि जे चुकीच्या निदानामुळे गेलं ते लेखी मागायचं. बाईंनी हा निवडला.

काय केलं

सगळ्यात महत्त्वाचा क्षण जॉब कार्डावरच्या सहीचा होता. "व्होल्टेज" हा एक शब्द तसाच राहिला असता तर कंप्रेसरही पैशांचा झाला असता, कारण विजेच्या चढउताराने झालेलं नुकसान वॉरंटी कार्डात वगळलेलं होतं. पावसाळ्यात सत्तरीत दिवे मंद होतात, हे सांगून तंत्रज्ञाने ते पटवून दिलं असतं आणि आपलंही मन मानलं असतं. पण फ्रिजच्या दारावर कंपनीचाच स्टिकर होता: १३० ते ३०० व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरची गरज नाही. या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेल्याचं कुठलंही मोजमाप त्या दिवशी झालं नव्हतं. शिवाय त्याच लाइनवरचा पंप, टीव्ही, सगळं धड होतं.

बाई तेव्हा मला फोनवर विचारत होत्या. सही नाकारली असती तर तंत्रज्ञ काम न करता गेला असता. मी सांगितलं, सही करा, पण सहीच्या वर तुमचं म्हणणं लिहा. त्यांनी लिहिलं: "व्होल्टेज मोजून दाखवलेलं नाही. फ्रिजवर १३० ते ३०० व्होल्ट स्टॅबिलायझरविना असं छापलं आहे. तीन पिनांचं रीडिंग ११, ७, ७ ओहम मला दाखवलं." मग कार्डाचा, मल्टिमीटरच्या पडद्याचा आणि दारावरच्या स्टिकरचा फोटो काढला. दुसरा तंत्रज्ञ सरळ माणूस होता. रीडिंग त्याने स्वतःच्या हाताने कार्डावर लिहून दिलं, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

नवा कंप्रेसर पाच दिवसांनी आला. बसवल्यावर बाईंनी ओटीपी लगेच दिला नाही. फ्रीझरमध्ये पाणी गोठेपर्यंत थांबू, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तंत्रज्ञ वाळपईतलं दुसरं काम उरकून संध्याकाळी आला आणि ओटीपी घेऊन गेला. ३,१८६ रुपये त्यांनी दिले, कारण ते वॉरंटी कार्डाप्रमाणे देणं होतं. दुसऱ्या भेटीचे ५९० मात्र पावतीवर "हरकत राखून" असं लिहून दिले.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल गेला. आम्ही त्यात दहा वर्षांच्या गॅरंटीचा उल्लेख मुद्दाम केला नाही. त्यावर कंपनीचं ठरलेलं उत्तर तयार असतं, कार्डातला तो परिच्छेद चिकटवून विषय संपतो. आम्ही तीनच गोष्टी विचारल्या. पहिल्या भेटीत बोर्ड बिघडल्याचं कोणत्या मोजमापावरून ठरवलं? कंप्रेसरच्या वाइंडिंगचं रीडिंग त्या वेळी घेतलं होतं का? आणि पैसे घेऊन बदललेला जुना बोर्ड कुठे आहे, तो तपासणीसाठी परत मिळेल का?

आठवड्याभरात "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत" एवढंच उत्तर आलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तीच कागदपत्रं जोडून. इथे एक गोष्ट लोकांना माहीत हवी: हेल्पलाइन आदेश देत नाही. ती तक्रार कंपनीच्या ठरलेल्या माणसापर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. मात्र त्या टेबलावर बसलेला माणूस कॉल सेंटरवरच्या माणसापेक्षा जास्त अधिकार असलेला असतो, आणि पुढची पायरी आयोगाची आहे हे त्याला ठाऊक असतं.

आयोगाची तयारीही करून ठेवली होती. ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सत्तरीच्या माणसासाठी पर्वरीला. ५ लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूसाठी शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करण्याची सोय ई-जागृती पोर्टलवर आहे, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. बाईंच्या बाबतीत ही मुदत खरेदीपासून नव्हे, तर बोर्ड बदलल्याच्या दिवसापासून मोजायची होती.

निकाल

हेल्पलाइनवर नोंद झाल्यावर कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन आला. जुना बोर्ड सापडत नव्हता आणि पहिल्या जॉब कार्डावर एकही रीडिंग नव्हतं. आधी त्यांनी पुढच्या सेवेसाठी कूपन देऊ केलं. बाईंनी ते नाकारून पैसेच मागितले. शेवटी बोर्डाचे ४,७२० आणि दुसऱ्या भेटीचे ५९०, मिळून ५,३१० रुपये खात्यात जमा झाले. कंपनीने त्याला "सद्भावना म्हणून" असं म्हटलं, चूक मान्य केली नाही. बाईंचा अंतिम खर्च ३,७७६ रुपये: पहिली भेट आणि गॅस-मजुरी.

नव्या कंप्रेसरला नवी दहा वर्षं मिळाली नाहीत. मूळ मुदतीतलं जे उरलं आहे तेवढंच, म्हणजे ऑगस्ट २०३२ पर्यंत. हेही कार्डात होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीतच पैसे वाचले असते. कंप्रेसर बंद असेल तर बोर्ड बदलण्याआधी तीन पिनांचं रीडिंग घ्यायला सांगणं, हे पाच मिनिटांचं काम आहे. रीडिंग सारखं आलं म्हणजे कंप्रेसर नक्की बरा असंही नाही, आतून यांत्रिकरीत्या अडकलेला कंप्रेसर या तपासणीत सापडत नाही. पण रीडिंग वेगवेगळं आलं तर बोर्डाला हात लावण्याचं कारण उरत नाही. आणि पैसे देऊन बदललेला भाग आपला असतो. अदलाबदलीची अट लेखी नसेल तर तो मागून घ्यायचा.

खरं तर घरच्या माणसालाही थोडं ओळखता येतं. कंप्रेसर सतत चालू आहे पण बाजू गरम होत नाहीत आणि फ्रीझरचा एकच कोपरा गोठतो आहे, तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. फ्रीझर कडक आणि खालचा कप्पा कोमट, तर बहुधा डिफ्रॉस्टमध्ये किंवा पंख्यात बिघाड असतो. या दोन्हींत कंप्रेसर निर्दोष असतो, त्यामुळे दहा वर्षांची वॉरंटी कामाला येत नाही. तक्रार नोंदवतानाच हे सांगितलं तर तंत्रज्ञ योग्य तयारीने येतो.

वाढीव वॉरंटीबद्दल माझं मत या प्रकरणानंतर बदललं नाही, पण नेमकं झालं. एक दाराच्या साध्या फ्रिजला ती मी सुचवत नाही, त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. बोर्ड, हीटर, पंखे असलेल्या इन्व्हर्टर फ्रिजला दुसऱ्या ते चौथ्या वर्षासाठी ती विचारात घ्यावी, कारण कंप्रेसरच्या वॉरंटीतून गळणारे गॅस, मजुरी आणि बोर्ड हेच तीन खर्च तिच्यात बसू शकतात. घेण्याआधी ती फ्रिजच्या कंपनीची आहे की दुकानाने विकलेला तिसऱ्याच कंपनीचा करार आहे, हे पाहावं. तिसऱ्या कंपनीचा असेल तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, सत्तरीपर्यंत येणार का, हे विचारावं.

फोन घेताना हाच फरक वेगळ्या जागी दिसतो. जाहिरातीत फोन पाण्यात बुडालेला दाखवतात, आणि वॉरंटी कार्डात पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. फोनमध्ये पाणी लागल्यावर रंग बदलणारी एक छोटी खूण बसवलेली असते आणि सर्व्हिस सेंटरवाले आधी तीच पाहतात. गोव्याच्या पावसात स्कूटरवरून जाणाऱ्याने जाहिरातीतलं वाक्य आणि कार्डातलं कलम, दोन्हींचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवावा. स्टॅबिलायझरच्या स्टिकरने बाईंची बाजू जशी सावरली, तशी ती जाहिरात इथे कामी येऊ शकते.

दुकानदाराच्या शिक्क्याचं शेवटी काय झालं, असं बरेच जण विचारतात. बाईंनी त्याला वॉरंटी कार्ड नेऊन दाखवलं आणि शिक्क्यात "फक्त कंप्रेसर, गॅस व मजुरी वेगळी" एवढं घालायला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पुढच्या चवथीला शेजारच्या घरी त्याच दुकानातून फ्रिज आला, त्या बिलावर शिक्का जुनाच होता. आता त्या शेजाऱ्यांनी दुकानदाराकडून एका ओळीचं लेखी स्पष्टीकरण मागितलं आहे: दहा वर्षं कशाची, आणि कोण देणार. उत्तर आलं नाही तर दिशाभूल करणाऱ्या वचनाची तक्रार १९१५ वर द्यायची, असं ठरलं आहे. तिचा मसुदा बाईच लिहीत आहेत.